सही, एटीएम आणि फोनचा पिन : दिसत नसताना बँकेचा व्यवहार आपल्या हाती ठेवण्यासाठी

माझ्या आतेबहिणीचे यजमान, आम्ही त्यांना आबा म्हणतो, यावल तालुक्यात केळी लावतात. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली आणि पन्नाशीच्या आत पूर्ण अंधार झाला. मला जन्मापासूनच दिसत नाही, त्यामुळे असल्या कामांसाठी ते अमळनेरला माझ्याकडे येतात. गेल्या खेपेला आले तेव्हा त्यांच्या खिशात परत आलेला चेक होता. खतवाल्याला दिलेला, सही जुळत नाही म्हणून बाउन्स झालेला. शाखेत विचारायला गेले तर टेबलावरच्या माणसाने सांगितलं, "आबा, आता अंगठाच लावा. आणि मुलाचं नाव जॉइंट टाका, म्हणजे कटकटच नको."

अंगठा लावला की एक कटकट जाते आणि दहा मागे लागतात. म्हणून पहिलं सांगणं हेच, की घाईत अंगठा देऊ नका.

अंगठा का नको

ज्याला स्वतःचं नाव लिहिता येत नाही, त्याच्या बाबतीत सहीच्या जागी खूण चालते, असं 1897 चा जनरल क्लॉजेस ॲक्ट सांगतो. अंगठ्याची सोय तिथून आलेली आहे. तिचा संबंध लिहिता न येण्याशी आहे, न दिसण्याशी नाही. आबांनी तीस वर्षं सही केलेली, त्यांना लिहिता येतं. न दिसणारा म्हणजे निरक्षर, असा हिशेब काउंटरवर सवयीने होतो. तो जागच्या जागी दुरुस्त करावा लागतो.

अंगठ्याच्या खात्याची खरी अडचण नंतर कळते. आजारी किंवा अपंग खातेदाराचा अंगठा असेल तर तो बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखावा, आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. म्हणजे पैसे काढायला प्रत्येक वेळी स्वतः शाखेत जायचं, साहेब मोकळे होईपर्यंत बाकड्यावर बसायचं. चेकबुक आणि एटीएम कार्डाचा विषय काढला की "तुमचं तर अंगठ्याचं खातं आहे" हे उत्तर तयार असतं. ज्यांना खरोखर लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी अंगठा आहेच. पण सही शिकण्यासारखी असेल तर महिनाभर त्यावर घालवावा. जन्मांध माणसालाही चार-पाच अक्षरांची सही हाताच्या वळणाने शिकता येते. मी माझी सही तशीच शिकलो, आणि आजवर तिच्यावरून एकही चेक परत आलेला नाही.

सही पुन्हा बसवणं

आबांची सही बदलली नव्हती, ती घसरत होती. दिसणारा माणूस लिहिताना ओळ डोळ्याने धरून ठेवतो. ती ओळ गेली की हात उजवीकडे जाता जाता वर चढतो किंवा खाली उतरतो, अक्षरांतलं अंतर वाढतं आणि शेवटची रेघ कुठेही संपते. अक्षराचं वळण मात्र मनगटात शाबूत असतं. त्याला फक्त चौकट हवी.

ती चौकट घरीच होते. मुदत संपलेलं एटीएम कार्ड घ्या आणि त्याच्या मधोमध ब्लेडने सहा सेंटिमीटर लांब, दीड सेंटिमीटर उंच खिडकी कापून घ्या. डाव्या हाताने कार्ड कागदावर घट्ट दाबायचं, पेन खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात टेकवायचं आणि खालच्या कडेला धरून सही करायची. कड हीच ओळ. आबांना पहिल्या दिवशी राग आला, पेन कडेला अडकतं म्हणाले. जुन्या सहीत खाली जाणारा लांब फाटा होता, तो कडेला आपटत होता. मग आम्ही तो फाटाच काढून टाकला. सही लहान आणि एका दमात होणारी असली की दर वेळी सारखी येते. रोज वीस-पंचवीस सह्या, असे बारा दिवस. पुतण्याने पहिल्या आणि बाराव्या दिवसाचा कागद शेजारी ठेवून पाहिला आणि म्हणाला, आता एकाच माणसाच्या वाटतात.

त्यानंतरची पायरी लोक विसरतात. घरी सही सुधारली तरी बँकेत अजून जुनाच नमुना पडलेला असतो आणि चेक त्याच्याशीच ताडला जातो. म्हणून शाखेत नमुना सही बदलण्याचा अर्ज द्यायचा. आधार, पॅन आणि फोटो सोबत न्यायचा, आणि नव्या सहीचे नमुने अधिकाऱ्यासमोर, आपली कार्डाची चौकट वापरूनच करायचे. चौकट वापरू नका असा कुठलाही नियम नाही. बदल प्रणालीत चढला का, हे दोन दिवसांनी विचारून घ्या. तोवर जुन्या सहीने कुणाला चेक देऊ नका.

चेकसाठी वेगळा साचा लागतो. आपल्याकडचा चेक 202 मिलिमीटर रुंद आणि 92 मिलिमीटर उंच असतो. त्याच मापाचा जाड पुठ्ठा कापून घ्या आणि कुणा डोळस माणसाकडून तारीख, नाव, अक्षरी रक्कम, आकडी रक्कम आणि सही अशा पाच खिडक्या कोरून घ्या. तळाची साधारण दीड सेंटिमीटरची पट्टी मात्र झाकलेलीच राहू द्या. तिथे यंत्राने वाचायचे आकडे असतात आणि सही त्यांच्यावर उतरली की चेक अडकू शकतो. चेकवर खाडाखोडही चालत नाही. नाव किंवा रक्कम चुकली तर दुरुस्त करून सही मारण्याची जुनी पद्धत आता उपयोगाची नाही, नवा चेकच फाडावा लागतो. आबा नाव आणि रक्कम मुलीकडून लिहून घेतात, मोठ्याने वाचून घेतात, आणि सही शेवटी करतात. हा क्रम ते मोडत नाहीत. कोऱ्या चेकवर आधी सही, हे घरातल्या माणसासाठीसुद्धा नाही.

शाखेत काय म्हणायचं

चेकबुक आणि एटीएम कार्ड मागायला गेलो तेव्हा अपेक्षेप्रमाणे उत्तर आलं, "तुमच्याच भल्यासाठी सांगतो, कुणी फसवलं तर?" बोलणारा माणूस वाईट नव्हता, मनापासून काळजी करत होता. पण त्या काळजीचं उत्तर फार पूर्वीच देऊन झालेलं आहे. अपंग व्यक्तींसाठीच्या मुख्य आयुक्तांच्या न्यायालयाने 2005 मध्ये सांगितलं की धोका आहे म्हणून अंध ग्राहकाला चेकबुक, लॉकर किंवा एटीएम नाकारता येणार नाही, कारण तो धोका इतर ग्राहकांनाही असतोच. त्याच आधारावर रिझर्व्ह बँकेने 4 जून 2008 रोजी परिपत्रक काढलं. चेकबुक, तेही तिसऱ्या माणसाच्या नावाने चेक देता येण्यासह, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, किरकोळ कर्ज, क्रेडिट कार्ड, या सगळ्या सुविधा दृष्टिहीन ग्राहकाला भेदभाव न करता द्यायच्या, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 13 आपले आर्थिक व्यवहार आपणच पाहण्याचा हक्क देतं. मुलाचं नाव जोडायचं की नाही, हे म्हणूनच आबांनी ठरवायचं.

तोंडी वाद घालत बसू नका. तोंडी नकाराची नोंद कुठेच होत नाही. आम्ही अर्ज नेला होता, तो जवळपास असा :

"मी दृष्टिहीन असून सही करू शकतो. माझ्या बचत खात्यावर चेकबुक, एटीएम कार्ड आणि मोबाइल बँकिंग सुरू करावे. रिझर्व्ह बँकेच्या 4 जून 2008 च्या परिपत्रकानुसार या सुविधा दृष्टिहीन ग्राहकास देय आहेत. सुविधा नाकारायची असल्यास कारण लेखी द्यावे. नियम व अटी मला वाचून दाखवाव्यात."

दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर शिक्का, तारीख घ्यायची. खरं काम करतं ते चौथं वाक्य. लेखी कारण द्यायची वेळ आली की साहेब फोन उचलून वरच्या कार्यालयाला विचारतात आणि तिथे कुणाला तरी परिपत्रक ठाऊक असतं. आबांचं कार्ड अर्ज दिल्यापासून तिसऱ्या आठवड्यात घरी आलं. काही शाखा "सर्व जोखीम माझी" असं हमीपत्र पुढे करतात. डोळस ग्राहकाकडून जे लिहून घेत नाहीत, ते माझ्याकडून का, एवढं विचारा आणि सही करण्याआधी ते पूर्ण वाचून घ्या.

नवीन खातं फोनवरून उघडताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला सांगतात, तिथे आपल्यापैकी बरेच जण अडायचे. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि ही पडताळणी दिव्यांगांना जमेल अशी करण्याचे निर्देश दिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेनेही नियम बदलला. जिवंतपणाच्या चाचणीमुळे विशेष गरजा असलेला माणूस वगळला जाऊ नये, असं आता त्यात आहे. ॲपने नाकारलं तर शाखेत जाऊन हेच सांगायचं.

बोलणारं एटीएम

1 जुलै 2014 पासून बसणारं प्रत्येक नवं एटीएम बोलणारं आणि ब्रेल कीपॅड असलेलं असावं, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. कागदावर पाहिलं तर आज बोलणारी यंत्रं जागोजागी असायला हवीत. प्रत्यक्षात जळगावला असो की धुळ्याला, तीन मशीनवर जाल तेव्हा एक धड बोलेल. कुठे इअरफोनच्या भोकात धूळ बसलेली असते, कुठे आवाजाची सोय आहे पण चालूच केलेली नाही. आबांनी पहिल्यांदा हात लावून विचारलं होतं, "भाऊ, हाई मशीन बोलस का?" ते मुकंच निघालं.

म्हणून आधी आपलं एक मशीन शोधून पक्कं करायचं, आणि शक्यतो ते आपल्याच बँकेचं, शाखेला लागून असलेलं. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर आपल्या भागात महिन्याला पाच व्यवहार फुकट असतात आणि नुसती शिल्लक पाहिली तरी तो व्यवहार मोजला जातो. पुढच्या प्रत्येकाला 23 रुपयांपर्यंत आणि वर कर. शोधाशोधीतच पाच संपू शकतात. शाखेशेजारचं मशीन असलं की कार्ड अडकलं तर आत जाऊन सांगता येतं. त्यासाठी बँकेच्या वेळेतच जा.

सोबत तारेचा, गोल पिनचा जुना इअरफोन हवा. हे मुद्दाम सांगतो, कारण आजकाल घरात ब्लूटूथचे नाहीतर चपट्या पिनचे इअरफोन असतात आणि दोन्ही एटीएमला निरुपयोगी. स्टेशनबाहेर मिळणारा साधा इअरफोन चालतो. घरी रेडिओला लावून तपासून घ्या.

कार्डाची सुलट बाजू चिपवरून कळते. बोट फिरवलं की धातूचा छोटा चौकोन लागतो. चिपची बाजू पुढे आणि वर ठेवून कार्ड आत सरकवायचं. कीपॅडवर पाचच्या आकड्यावर उंचवटा असतो, तिथून बाकीचे आकडे मोजायचे, मांडणी फोनच्या बटणांसारखीच म्हणजे एक वर डावीकडे. उजव्या बाजूला बहुधा रद्द करा, पुसा आणि पुढे जा अशी तीन बटणं असतात. रद्दच्या बटणावर फुलीची, तर पुढे जाच्या बटणावर गोलाची उठावदार खूण असते.

आबांचा पहिला व्यवहार चार हजारांचा होता. इअरफोनची पिन कीपॅडच्या आसपासच्या भोकात घातली आणि आवाज सुरू झाला, हिंदीत. कार्ड घालण्याआधी त्यांना पहिली सूचना पूर्ण ऐकू दिली. मशीनचा आवाज आला नाही तर कार्ड घालायचंच नाही, कारण कार्ड घातल्यावर घड्याळ चालू होतं. स्क्रीन काळी ठेवायची का, असं मशीन विचारतं, त्याला हो म्हणायचं. मागे उभ्या माणसाला मग रक्कम आणि शिल्लक दिसत नाही. पिन दाबताना डावा पंजा कीपॅडवर छपरासारखा धरायचा. स्क्रीन काळी असली तरी बोटं दिसतातच. रक्कम दाबल्यावर मशीन ती उच्चारतं. तिथे थांबा, ऐका, मगच पुढे जा. आबांच्या कानात चार हजार आलं, त्यांनी गोलाच्या खुणेचं बटण दाबलं. नोटा बाहेर येतात तेव्हा पट्टीचा खडखडाट होतो, हात आधीच तिथे ठेवलेला असावा. शेवटी कार्ड, पावती आणि इअरफोन. इअरफोन सर्वांत शेवटी ओढायचा, कारण तो निघाला की आवाज बंद.

पैसे आले नाहीत आणि खात्यातून वजा झाले, असं झालं तर मशीनचा ठिकाणा आणि वेळ फोनवर लगेच बोलून ठेवा. बँकेने पाच दिवसांत रक्कम परत जमा करायची असते, त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. मदत करतो म्हणून आत शिरलेल्या अनोळखी माणसाला कार्ड देऊ नका. पिन सांगून मुलाला पाठवणं हे खान्देशात घरोघरी चालतं, मी काही उपदेश करत नाही. पण पुढे पैसे गेल्याची तक्रार केली, तर पिन दुसऱ्याला सांगितला होता ही एकच गोष्ट तुमच्याविरुद्ध जाते.

नोटा मोजायला आबा लांबी वापरतात. नव्या मालिकेतली शंभरची नोट 142 मिलिमीटर, दोनशेची 146 आणि पाचशेची 150. चार-चार मिलिमीटरचा फरक नुसत्या हाताला कळत नाही, पण शंभरची एक नोट कायम पाकिटात ठेवून तिच्या कडेला कड लावली की कळतो. कोऱ्या नोटेवर शंभरला त्रिकोण, पाचशेला वर्तुळ अशी उठावाची खूणही लागते, बाजारात फिरलेल्या नोटेवर ती झिजते. रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं ॲप कॅमेऱ्यासमोर धरलेल्या नोटेची किंमत इंटरनेटशिवाय सांगतं. नोट खरी की खोटी, हे मात्र ते सांगत नाही.

फोनवरचा पिन कुणाच्या कानावर जातो

आबांकडे साधा अँड्रॉइड फोन आहे. आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद एकदम दाबली की टॉकबॅक सुरू होतो (पहिल्यांदा सेटिंगमध्ये हा शॉर्टकट चालू करावा लागतो). बोट फिरवलं की बोलतो, दोनदा टिचकी मारली की बटण दाबलं जातं. हे हाताळायला ते पंधरा दिवस फक्त फोन लावणं आणि घड्याळ ऐकणं एवढंच करत होते. पैशाचं ॲप त्यानंतर. एक गोष्ट आधीच जुळवून घ्या : ॲपची भाषा आणि टॉकबॅकच्या आवाजाची भाषा एकच ठेवा. इंग्रजी ॲप मराठी आवाजाने वाचलं की शब्द असे निघतात की "पे" कुठे आणि "बॅक" कुठे, काही कळत नाही.

यूपीआयचा पिन बनवताना एटीएम कार्डावरचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीचा महिना-वर्ष लागतं. कार्डावरचे आकडे आता बहुधा सपाट छापलेले असतात, बोटाला लागत नाहीत. विश्वासातल्या एका माणसाकडून एकदाच वाचून घ्या. आधारला हाच मोबाइल नंबर जोडलेला असेल तर कार्डाऐवजी आधारच्या ओटीपीनेही पिन बनवता येतो, आणि मग कार्ड वाचून घ्यायची गरजच पडत नाही. आबांनी दुसरा रस्ता घेतला.

आता खरी मेख. पिन टाकायच्या पडद्यावर टाकलेले आकडे ठिपके म्हणून दिसतात, डोळस माणसाला तेवढं पुरतं. पण आपलं बोट ज्या आकड्यावर जाईल तो आकडा टॉकबॅक बहुतेक ॲपांत मोठ्याने उच्चारतो. किराणा दुकानात उभं राहून तुम्ही पिन टाकता आणि चार लोक तो ऐकतात. दुकानातल्या पोराने एकदा हसत हसत आबांना त्यांचा पिन म्हणून दाखवला, तेव्हा हे त्यांच्या लक्षात आलं. त्या रात्रीच त्यांनी पिन बदलला.

उपाय साधा आहे. पिनच्या पडद्यावर जाण्याआधी एका कानात इअरफोन घालायचा. दुसरा कान दुकानासाठी मोकळा. टॉकबॅकच्या मेनूत स्क्रीन लपवायची सोय असते, ती चालू केली की पडदा काळा होतो पण बोलणं चालूच राहतं. आयफोनवर हेच काम तीन बोटांच्या तीन टिचक्यांनी होतं. इअरफोन घरी राहिला असेल तर यूपीआय लाइट कामी येतं. त्यात पाच हजारांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि एका वेळी हजारापर्यंतचे पैसे पिनशिवाय जातात. चहा, भाजी, रिक्षा एवढ्याला ते पुरतं. फोन हरवला तर त्यातले पैसे गेले असं धरून चालावं, म्हणून आबा त्यात हजार-दीड हजारच ठेवतात. पिन तीन वेळा चुकला की साधारण एक दिवस व्यवहार बंद राहतो, तेव्हा दोनदा चुकल्यावर घरी येऊन शांतपणे टाका.

पैसे देण्याचा एक व्यवहार सांगतो. खताच्या दुकानात 1,850 रुपये द्यायचे होते. क्यूआर कोडवर नेम धरता येत नाही, ही आपली सर्वांची अडचण. आबा दुकानदाराला कोडवर स्वतःचा हात ठेवायला लावतात, फोन कोडवर सपाट टेकवतात आणि सरळ वर उचलत नेतात. वीतभर वर गेलं की फोन थरथरतो आणि नवा पडदा उघडतो. लगेच रक्कम टाकायची नाही. आधी वर बोट फिरवून नाव ऐकायचं. खऱ्या कोडवर दुसऱ्याच कोडचं स्टिकर चिकटवण्याचे प्रकार होतात, आणि ते डोळ्यांनीही कळत नाहीत. कळतं ते नावावरून. मोठ्याने विचारायचं, "भाऊ, नाव काय येतंय तुमचं?" आणि जुळल्यावरच पुढे.

रक्कम टाकल्यावर त्या चौकटीवर पुन्हा बोट ठेवून ती ऐकावी. आबांच्या कानात आलं, अठरा हजार पाचशे. शून्यावर दोनदा टिचकी मारताना एक जास्तीची लागली होती. पुसून पुन्हा टाकली. पिनच्या पडद्यावरही वरच्या बाजूला नाव आणि रक्कम असते, तिथे शेवटचं बोट फिरवून घ्यायचं. फार वेळ लागला तर तो पडदा आपोआप बंद होतो. तसं झालं तर पैसे गेले असं समजून घाबरू नका आणि गेले नाहीत असं समजून लगेच दुसऱ्यांदाही देऊ नका. आधी व्यवहारांची यादी ऐका. "प्रलंबित" असेल तर थांबा. दुकानातला डबा बोलला की दुकानदाराचं समाधान होतं, आपलं समाधान मात्र बँकेच्या एसएमएसने व्हावं.

पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे आबांनी पाठ केलंय. केळीचे पैसे पाठवतो, कोड स्कॅन करून पिन टाका, असं सांगणारा प्रत्येक जण चोर.

आपल्यालाच असलेला एक धोका

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून एपीके, म्हणजे फोनवर ॲप बसवणारी, फाइल येते. उघडली की ती ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागते, आणि ती मिळाली की पडद्यावरचं सगळं वाचू शकते, बटणंही दाबू शकते. डोळस माणसाला सांगतात, ही परवानगी कुणालाच देऊ नका. आपलं तसं नाही. टॉकबॅक त्याच यादीत बसतो, त्यामुळे तिथे "अनुमती द्या" म्हणायची बोटाला सवय झालेली असते. म्हणून आठवड्यातून एकदा सेटिंगमधली ॲक्सेसिबिलिटीची यादी शेवटपर्यंत ऐकत जावी. टॉकबॅक आणि फोनसोबत आलेल्या सोयींशिवाय तिथे काहीही चालू नको. याच कारणाने प्ले स्टोअरबाहेरून उतरवलेले स्क्रीन रीडर काही बँकांच्या ॲपांना चालत नाहीत, ॲप उघडतच नाही. ॲप बिघडलं म्हणून शाखेत भांडण्याआधी टॉकबॅकवर एकदा उघडून पाहा.

स्क्रीन शेअर करा, मी सेटिंग लावून देतो, असं फोनवरून सांगणाऱ्याचंही तेच. आपला काळा पडदा समोर बसलेल्यापासून वाचवतो, स्क्रीन शेअर घेणाऱ्यापासून वाचवेलच असं नाही.

गावात बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढणारे बरेच आहेत. तिथला जुना डाव म्हणजे "आबा, फेल झालं, परत बोट ठेवा." फेलचा एसएमएस ऐकल्याशिवाय दुसऱ्यांदा बोट ठेवायचं नाही, आणि पावती मागायचीच. यंत्रावर हजार टाकलेत की तीन हजार, ते आपल्याला दिसत नाही, मेसेज मात्र ऐकता येतो. दृष्टिहीन ग्राहकाला रोख घरपोच देण्याची आणि घरून नेण्याची सोय करावी, असं रिझर्व्ह बँकेने 9 नोव्हेंबर 2017 रोजी बँकांना सांगितलेलं आहे. शाखेत त्याचाही अर्ज देऊन पाहावा.

पैसे गेलेच, तर पहिला फोन 1930 ला. चोराच्या खात्यात पैसे असेपर्यंतच ते गोठवता येतात, म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. दुसरा फोन बँकेला, तक्रार क्रमांक घ्या. आपली चूक नसताना, बाहेरच्या कुणाच्या उपद्व्यापाने पैसे गेले असतील आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान आपल्यावर येत नाही, असा 2017 चा नियम आहे. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करता येते, फी नाही. सुविधा नाकारल्याची तक्रारही तिथेच जाते, आणि तिला शिक्का मारलेली ती अर्जाची प्रत जोडायची असते. आबांनी त्यांची प्रत देव्हाऱ्यामागे ठेवली आहे, आणि नव्या सहीने फाडलेला खतवाल्याचा चेक गेल्या सोमवारी वटला.